कोटावरची आडवी सुरकुती

फोटो वहिनीने काढला होता आणि संगणकावर साफ करायचं काम नणंदेकडे आलं होतं. स्टुडिओ दोघींचा.

फोटो अग्निशमन दलाच्या पहिल्या महिला प्रमुखांचा होता. निवृत्तीच्या दिवशी त्या गाडीतून उतरून थेट कॅमेऱ्यासमोर बसल्या आणि संध्याकाळी गणवेश जमाही करून आल्या. त्यामुळे पुन्हा फोटो काढायची सोयच नव्हती. गणवेशाच्या गडद निळ्या लोकरी कोटावर त्यांच्या मांजरीचे पांढरे केस होते, आणि सीटबेल्टने खांद्यापासून कमरेपर्यंत सुरकुती पाडली होती.

"केस काढायचा रोलर फिरवायला काय झालं होतं?" नणंदेने विचारलं.

"बाई घाईत होत्या. तू आहेस की," वहिनी म्हणाली.

नणंदेने पहिल्या झटक्यात सगळं पुसून टाकलं. केस गेले, सुरकुती गेली, पण कापडाची वीणही गेली. प्रमुखबाईंनी फोटो बघितला आणि शांतपणे म्हणाल्या, "हा रेनकोट वाटतोय हो."

नणंदेचा चेहरा पडला.

तिने मूळ फोटो पुन्हा उघडला आणि त्याचे दोन थर केले. खालच्या थरात नुसता उजेड आणि सावली, वरच्यात लोकरीची वीण. मांजरीचा एकेक केस तिने वरच्या थरात, शेजारचंच कापड घेऊन झाकला. मग सुरकुती. तिची एक कड उजळ होती, दुसरी काळी. खालच्या थरात तिने उजळ कड हलक्या हाताने गडद केली, काळी उजळ केली. खांद्यापाशी वीणच मुरगळली होती. तिथे दुसऱ्या खांद्याचं कापड आरशातल्यासारखं उलटं करून बसवलं, धागे जुळेपर्यंत सरकवत राहिली.

"कोपराच्या चुण्या राहिल्यात," मागून वहिनी म्हणाली.

"राहू देत. त्या काढल्या तर हात लाकडाचा दिसेल. माणूस हात वाकवतोच."

वहिनी खुर्ची ओढून शेजारी बसली आणि शेवटपर्यंत उठली नाही.

मुख्यालयाच्या दालनात सगळ्या माजी प्रमुखांच्या रांगेत तो फोटो लागला, दारापेक्षा मोठा. प्रमुखबाई अगदी जवळ गेल्या. नाक काचेला टेकेल की काय असं वाटलं.

"वीण दिसतेय," त्या म्हणाल्या. मग हसल्या. "कोट माझाच आहे. पण माझ्या अंगावर तो इतका नीटनेटका कधीच नव्हता."

दालनभर हशा पिकला. टाळ्या सुरू झाल्या तशी सवयीने नणंद मागे सरकू लागली. वहिनीने तिला दंडाला धरून पुढे ओढलं.

"मी फक्त बटण दाबलं," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "कोट हिने उभा केला."

नणंद ताठ मानेने फोटोशेजारी उभी राहिली, आणि टाळ्या थांबल्या तरी तिथून हलली नाही.