वर्णानुक्रमे

दिंडोरीजवळच्या कृषी पदविका विद्यालयात बोर्डो मिश्रण, म्हणजे द्राक्षांवर फवारायचं मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, हा एकच धडा तीन प्राध्यापक शिकवायचे, आणि पोरं ज्याच्या हाती पेपर जाईल त्याचं उत्तर अंदाजानं लिहायची. म्हणून प्राचार्यांनी योगिनी मॅडमना तिघांच्या नोट्स एकत्र करायला सांगितलं. जिथे तिघं एकच सांगतात तिथे एक वाक्य, पुढे नावं. जिथे पटत नाही तिथे दोन्ही वाक्यं शेजारीशेजारी, वर पिवळा रंग. निकाल ग्रंथ बघून, नंतर.

वाल्मीक सरांनी मसुदा उघडला आणि आधी स्वतःचं नाव शोधलं. सगळीकडे ते शेवटी होतं. ज्योत्स्ना, ललित, मग वाल्मीक.

"वर्णानुक्रमे आहे, सर," योगिनी म्हणाली.

बाराखडीसुद्धा ललितच्या बाजूची निघाली! हाच ललित कधीकाळी त्यांच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसून खाली मान घालून लिहायचा. आता तास संपला तरी पोरं त्याला सोडत नाहीत. वाल्मीक सरांना मात्र तास संपायच्या आधीच सोडतात.

तिसऱ्या पानावर पिवळा पट्टा होता. ज्योत्स्ना मॅडम : मोरचुदाचं द्रावण चुन्याच्या द्रावणात ओतावं. ललित सर, वाल्मीक सर : चुन्याचं द्रावण मोरचुदात ओतावं, सासूबाईंपुढे चहाचा कप ठेवावा तसं हळुवार.

वाल्मीक सर ताडकन उठले. "ही सासूबाई माझी आहे!"

स्टाफरूममधले सगळे वळून बघू लागले.

"म्हणजे वाक्य माझं आहे. ह्यानं माझ्या वर्गातून उचललंय. शब्दन् शब्द!"

"खरं आहे, सर," ललित हसत म्हणाला. "तुम्ही सांगितलेलं आम्ही तपासायचो कुठे?"

"ऐकलंस, योगिनी? लिहून ठेव!"

"बरं झालं सांगितलंत," योगिनी म्हणाली. "मी दोन विरुद्ध एक धरत होते. एकाचंच दुसऱ्यानं उतरवलं असेल तर ते एकच मत."

तिनं ललितचं नाव खोडलं. पट्ट्यावर वाल्मीक सर एकटे, ऐसपैस उरले. कितीतरी दिवसांनी त्यांना चहा गोड लागला.

दुपारी प्राचार्यांनी विद्यापीठाचा ग्रंथ उघडला. मोरचूदच चुन्यात ओतायचं, सतत ढवळत. उलट केलं तर मिश्रण जाडंभरडं होतं, चटकन तळाला बसतं आणि फवाऱ्याचं नोझल तुंबतं. ज्योत्स्ना मॅडम बरोबर होत्या.

योगिनीनं पट्ट्याखाली टाइप केलं, "चुकीचं विधान. मूळ : वाल्मीक सर."

पलीकडे ललित निवांत केळं सोलत होता. निष्कलंक माणसासारखा.

वाल्मीक सरांनी पडद्यावरची ओळ वाचली. मग खुर्ची जवळ ओढून हळुवार, सासूबाईंशी बोलावं तसे म्हणाले, "योगिनी, ललितचं नाव उगाच गाळलंस बघ. माणसावर अन्याय नको. घाल परत."

"कुठे घालू, सर?"

"माझ्या आधी," सर म्हणाले. "वर्णानुक्रमे."