उकंडरावांचं बोट

लेकीच्या बाळाच्या बारशासाठी कस्तुराबाई आणि सून मंजुषा समोरासमोर बसून जुन्या सुती लुगड्यांची गोधडी शिवत होत्या. धावदोऱ्याच्या दोन ओळींत एका बोटाचं अंतर ठेवायचं ठरलं होतं. तरी कोपऱ्यावर ओळी जुळेनात. सासूच्या सात, सुनेच्या दहा.

"तुह्यं बोट काडीवानी हाय," कस्तुराबाई म्हणाल्या.

"तुमचं केळ्यावानी हाय, आत्याबाई. बारसं उद्या हाय. उसवा."

"मी काहून उसवू?"

खाटेवर लोळणारे कस्तुराबाईंचे नवरे उकंडराव फिस्सकन हसले. दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं.

मग दोन्ही बाजू उसवल्या. आता प्रत्येक ओळीला माप एकच, उकंडरावांचं बोट.

"चहा तरी पिऊ द्या!"

"डाव्या हातानं प्या," मंजुषा म्हणाली.

संध्याकाळी कोपरे जुळले.

"चाळीस वर्सांत पयल्यांदा कामी आले," कस्तुराबाई म्हणाल्या.