हैफाच्या पत्राला उत्तर

मला कोणी ‘ताबडतोब या’ म्हटलं की मी आधी दोन पावलं मागे सरतो. चौसष्ट साली भारतातून येऊन इथल्या बंदरावर उतरलो तेव्हा असंच म्हणाले होते. ताबडतोब ट्रकमध्ये बसा, घर तयार आहे, तेल अवीव तिथून जवळ. उतरवलं ते दूर वाळवंटातल्या ओफाकिमला. सगळीकडे वाळू, आणि तेल अवीव काही दिसेना. माझी बायको लेआ ट्रकमधून उतरायलाच तयार नव्हती. पुढे आम्ही हातपाय मारून अश्दोदला आलो, पण ते ‘ताबडतोब’ काही मी विसरलो नाही.

म्हणून सत्याहत्तर साली हैफाच्या एका कंपनीचं पत्र आलं तेव्हा मी आधी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. सोमवार होता. आमची मुलगी ओस्नात कुपात खोलिमच्या, म्हणजे आजारपणाच्या विम्याच्या, दवाखान्यात क्लार्क. कामावरून आली आणि तिने वाचून दाखवलं. त्यांच्या भरती खात्यातल्या नुरीतबाईंनी लिहिलं होतं: मुख्य वेल्डरची जागा आहे, कायमची. राहायला फ्लॅट मिळेल. हातातलं काम अपुरं आहे याची कल्पना आहे, तरी ताबडतोब हैफाला येता येईल का, ते लेखी कळवावं. उत्तर येत्या रविवारपर्यंत पोचावं.

“अब्बा, कायमची,” ओस्नात म्हणाली.

मला ते कळत नव्हतं असं नाही. मी एकोणपन्नासचा. खताच्या कारखान्यात वाफेच्या पाइपांचं काम चालू होतं तेही कंत्राटावर. काम संपलं की मी घरी. या वयात रोज सकाळी कुणाच्या दारात उभं राहून काम मागणार? लेआने पत्र साखरेच्या डब्याखाली नीट ठेवलं.

पण माझं काम अपुरं आहे हे हैफाच्या बाईला कोणी सांगितलं? माझ्या डोक्यात एकच नाव आलं. दोव. आमचा फोरमन. त्याचा मेव्हणा वेल्डर, आणि दोन महिने झाले बेकार; मी हललो की त्याला माझी जागा. माझे पाइपांचे अकरा जॉइंट शिल्लक होते. प्रत्येक जॉइंटशेजारी वेल्डरने आपला नंबर ठोकायचा असतो. माझा नंबर चौदा. मग जॉइंटचे एक्स-रे निघतात, आणि शेवटी पाण्याची टेस्ट: लाइन पाण्याने भरायची, रोजच्या दाबाच्या दीडपट दाब चढवायचा, आणि घड्याळ लावून बघत बसायचं. कुठे थेंब आला की नंबर बघतात. ज्याचा नंबर, त्याने दुरुस्त करायचं. तो माणूस हैफाला गेलेला असला तर? मग सगळ्यांचीच पापं चौदा नंबरच्या नावावर. गेला तो इंडियन, अर्धवट टाकून पळाला, असंच म्हणणार. मी माझगावच्या गोदीत हे धंदे पाहिलेले आहेत.

“लिही,” मी ओस्नातला म्हटलं. “ताबडतोब येता येणार नाही. अकरा जॉइंट बाकी आहेत. पाण्याची टेस्ट पास झाली की येतो, तीन आठवडे लागतील. फ्लॅट आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघेन. आणि माझं नाव तुम्हाला कोणी दिलं ते कळवा.”

ओस्नातने पेन खाली ठेवलं. “भरतीवाल्यांना असं कोणी लिहितं का? नाव कोणी दिलं ते कशाला विचारायचं? त्या म्हणतील, हा माणूस आत्ताच भांडतोय.”

“म्हणू दे. तू लिही.”

लेआ म्हणाली, “अहो, ती शिकलेली आहे. तिला जरा गोड करून लिहू द्या.”

तिथेच माझं बिनसलं. ओस्नातने लिहिलं, वाचून दाखवलं, मी सही केली. पण तिने जे वाचलं तेच लिहिलं होतं कशावरून? मी सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, वाचतो, त्यातली छापील हिब्रू अक्षरं मला पाठ आहेत. पण इथली पोरं हाताने लिहितात ती अक्षरं वेगळीच, सगळी वळणं आणि वेलांट्या. माझ्या स्वतःच्या पत्रातली एक ओळ मला वाचता येत नव्हती. पोरीला हैफा हवं होतं, मला माहीत होतं. तिथे युनिव्हर्सिटी आहे, आणि ती संध्याकाळच्या वर्गांचं बोलत असायची. तिने ‘हो, लगेच येतो’ लिहून टाकलं असलं तर? मग मी अडकलोच.

“उद्या टाकतो पोस्टात,” मी म्हटलं.

नाही टाकलं. शेजाऱ्याला दाखवावं तर संध्याकाळपर्यंत ओस्नातच्या कानावर गेलं असतं. माझा साडू शिमोन अश्केलोनला नगरपालिकेत होता, त्याला हे लिखाण येत होतं. पण मला सुट्टी शुक्रवारीच. तोवर पत्र माझ्या कामाच्या शर्टात राहिलं. बुधवारी ओस्नातने विचारलं, “टाकलंत?” मी म्हटलं, “टाकलं.” खोटं बोललो, आणि वर तिच्या तोंडाकडे बघत होतो, ती दचकते का म्हणून.

कामावर मी दोववर डोळा ठेवून होतो. तो माझे जॉइंट जास्तच वाकून बघायचा. एकदा म्हणाला, “हैफाहून काही आलं का?” मी म्हटलं, “काही नाही.” तो मान वळवून पुढे गेला. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं.

शुक्रवारी बसने अश्केलोनला गेलो. शिमोनने चष्मा लावून पत्र वाचलं आणि मराठीत सांगितलं. अकरा जॉइंट. तीन आठवडे. फ्लॅट डोळ्यांनी बघेन. नाव कोणी दिलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

“अरे, तुझा उद्धटपणासुद्धा तिने तस्साच ठेवलाय,” तो म्हणाला. “कशाला संशय घेतलास?”

मला लाज वाटली. तरी सुटल्यासारखंही वाटलं, खरं सांगतो. तिथल्याच पेटीत पत्र टाकलं. पण दुपार उलटली होती, शाब्बात, म्हणजे शनिवारची विश्रांती, लागणार, पेटी उघडायची ती रविवारी. म्हटलं, खरंच गरज असली तर दोन दिवस थांबतील.

टेस्ट झाली. लाइन कोरडी राहिली, माझे सगळे जॉइंट पास. त्याच आठवड्यात कंत्राट संपलं आणि हैफाचं उत्तर आलं. ओस्नात उभ्याउभ्याच वाचायला लागली.

“आपलं नाव आपले फोरमन दोव यांनी दिलं. तिथलं काम संपत आलं आहे, चांगला माणूस घरी बसू नये, असं ते म्हणाले. टेस्ट झाल्याशिवाय आपण निघणार नाही हेही त्यांनीच सांगितलं होतं. आम्ही तीन आठवडे थांबलो असतो. ताबडतोब येता का, हे सगळ्याच उमेदवारांना विचारावं लागतं. फ्लॅट बंदराजवळ, तिसऱ्या मजल्यावर होता, आपण केव्हाही पाहू शकला असता. परंतु रविवारपर्यंत आपलं उत्तर पोचलं नाही. ते मंगळवारी मिळालं, पाकिटावर अश्केलोनचा रविवारचा शिक्का आहे. जागा सोमवारी दुसऱ्याला दिली.”

ती थांबली. “अश्केलोन? तुम्ही तर मंगळवारी इथूनच टाकलं होतंत.”

मी सगळं सांगितलं. लपवून तरी काय करणार होतो? लेआने पदर तोंडाला लावला. ओस्नात हिब्रूत एवढंच म्हणाली, “माझं अक्षर तपासायला तू अश्केलोनला गेलास.” माझ्याशी ती असं हिब्रूत, ‘तू’ म्हणून, कधी बोलत नसे. मग ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी दोवला जाऊन भेटलो. आभार मानले. हैफाचं पत्र त्याच्यापासून लपवलं होतं, म्हणून का मानतोय ते त्याला सांगू शकलो नाही.

आठवड्याने इथल्या, अश्दोदच्या, बंदरावरच्या एका वर्कशॉपात अर्ज करायचा होता. ओस्नातकडे मागायला माझी जीभ उचलेना. लेआनेच तिला सांगितलं असावं. सकाळी टेबलावर अर्ज होता. ओस्नातने तो एकेक अक्षर सुटं काढून लिहिला होता, सिद्दूरसारखा, खाली सगळे टिंबरेषांचे स्वर देऊन. मोठ्या माणसाच्या अर्जात असं कोणी लिहीत नाही, पहिलीच्या पोरांसाठी लिहितात. मी बोट ठेवून सावकाश सगळा वाचला. चूक एकही नव्हती, आणि ती मला न उठवताच कामावर निघून गेली होती.