अख्खा दिवस

ताईचा शब्दांवर भारी विश्वास. धाकट्या भावाने नोकरी सोडून दातांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या दुरुस्त करायचं स्वतःचं काम घराच्या मागच्या खोलीत थाटलं, तेव्हा गिऱ्हाइकं आणायचा विडा तिने उचलला. दंतवैद्यांची यादी जमवून ती मेल पाठवायची: खुर्चीच्या वार्षिक देखभालीचा करार करा. नकार आला की मजकूर बदलायची. महिनाअखेरीपर्यंत एकही करार झाला नाही, तर भावाला मान खाली घालून जुन्या साहेबाकडे परत जावं लागणार होतं.

आज नवा मजकूर पुन्हा सगळ्यांना जायचा होता. 'तुमच्या खुर्चीला आम्ही अख्खा दिवस देतो', ही तिची लाडकी ओळ. दर खेपेला ही ओळ मेलमध्ये आणखी वर, आणखी ठळक होत आली होती. एवढ्यात मागच्या मेलला एका डॉक्टरीणबाईंचं उत्तर आलं.

'तुम्ही फार सुंदर लिहिता. आम्ही दवाखान्यात मोठ्याने वाचतो. पण दिवसभर खुर्ची बंद ठेवली तर पेशंटना बसवू कुठे?'

ताई गारच पडली. तिने घाईघाईने जुनी उत्तरं उघडली. 'सध्या वेळ नाही.' 'सुट्टीत बघू.' 'एकच खुर्ची आहे हो माझ्याकडे.' मेल पोचत होते, लोक वाचत होते, उत्तरंही देत होते. सगळे एकच सांगत होते आणि ही बया विशेषणं घासत बसली होती!

"अरे, इकडे ये!" तिने हाक मारली. भाऊ तेलकट हातांनीच आला.

"आजचा मेल थांबवतेय. लिहिण्यात खोट नाही, आपण देतोय त्यातच आहे. आता आणखी मेल गेले तर लोक ते न वाचताच कचऱ्यात टाकतील. मला सांग, तुला अख्खा दिवस कशाला लागतो?"

"मला?" भाऊ बघतच राहिला. "दीड तासाचं काम आहे ते. दिवसभर म्हटलं की भारी वाटेल, असं तूच म्हणाली होतीस. मला वाटलं, तुला कळतं त्यातलं."

लाजेने ताईचे कान तापले.

"दवाखाना उघडायच्या आधी जाशील?"

"सकाळी सातलाही जाईन."

पाठवायचा मेल तिने रद्द केला. यादीतल्या कुणालाही आता नवं काही लिहायचं नाही, आधी एकीला विचारून बघायचं, असं ठरवून तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. काही सजवलं नाही. दीड तास, सकाळी, दवाखाना उघडायच्या आत.



"उद्याच माणूस पाठवा," बाई म्हणाल्या. "पण अहो, इतके मेल केलेत, त्यात हे एकदाही का नाही लिहिलंत?"