शेवटच्या तासाचा कागद

मावशी भौतिकशास्त्राची शिक्षिका, त्यामुळे परीक्षेआधी भाचीच्या उडणाऱ्या घाबरगुंडीचं खापर घरात तिच्याच डोक्यावर फुटायचं.

"तूच काहीतरी कर," थोरल्या बहिणीने बजावलं. "मागच्या पेपरला कार्टीने स्वतःचं आडनाव चुकवलं."

म्हणून मावशीने शेवटच्या तासात वाचायला एक कागद तयार केला. पहिला मसुदा म्हणजे पाठपोट मुंग्यांची रांग. तिने तो नवऱ्याला दाखवला. त्याने चष्मा लावला, काढला, पुसला आणि म्हणाला, "जरा पाणी दे."

मावशी काय ते समजली. मसुदा केराच्या टोपलीत गेला.

दुसरा कागद एकाच बाजूचा, टपोऱ्या अक्षरांचा, मधे ऐसपैस मोकळी जागा. नवं काही घालायचं नाही, असं तिने ठरवलं. ऐन वेळी नवं डोक्यात शिरत नाही आणि त्या धक्काबुक्कीत जुनंही पळून जातं. पहिली ओळ भाचीला झोपेतही येणारी होती: चाल म्हणजे अंतर भागिले वेळ. मग, विस्थापनाला दिशा असते, अंतराला नसते. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, एकक न्यूटन. अशा मोजक्या ओळी. तळाशी लिहिलं होतं, 'अडलीस तर दिलेलं लिही, विचारलेलं लिही, एककं सारखी कर. मग श्वास घे. आधी घेतलास तरी चालेल.'

परीक्षेच्या दिवशी शाळेच्या आवारातल्या बाकावर भाची कागद घेऊन मावशीशेजारी बसली. चेहरा पांढराफटक. पहिली ओळ वाचून ती पुटपुटली, "हे तर येतं." दुसरी वाचली. "हेही येतं." पाय हलायचे थांबले. मग एकदम कपाळाला आठी पडली.

"मावशी, यात भिंगाचं सूत्र कुठाय?"

मावशीने कागद हिसकावून घेतला. वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. सूत्र नव्हतं.

"मुद्दाम गाळलंस ना? मला आठवतं का ते बघायला?"

हो म्हणून टाकायचा मोह मावशीला झाला. पण ती म्हणाली, "नाही गं. चक्क विसरले."

भाची तिच्याकडे बघतच राहिली. "एवढी वर्षं शिकवतेस आणि विसरलीस?"

"विसरले. आता काय करू?"

"काही नको करूस, लिहून घे." भाचीचा आवाज वर्गात शोभेल असा झाला. "एक भागिले व्ही, वजा एक भागिले यू, बरोबर एक भागिले एफ. गोल आरसा असेल तर वजाच्या जागी अधिक. आणि चिन्हं सांभाळायची."

मावशीने निमूटपणे लिहून घेतलं. घंटा झाली तशी भाची कागद तिच्याच हातात ठेवून आत गेली. मागे वळूनही पाहिलं नाही, हे मावशीला जरा लागलंच.

दुपारी ती केळं खात बाहेर आली. "एक गणित सुटलं नाही," ती म्हणाली. "पण बाकीची सुटली."

"आणि रसायनशास्त्राचं काय? त्याचा कागद करू?"

"तो मीच करते," भाची म्हणाली. "तू वाचून बघ फक्त. वाचून तुलाच घाबरायला झालं, तर सांग."