परिच्छेद अकरा

माझ्या सख्ख्या काकानं माझ्याच ऑफिसात येऊन मला घरभेदी म्हटलं, तेव्हा समोर सोमी बसलेली होती. कर्जतच्या तहसील कचेरीसमोर माझं ऑफिस आहे. दहा बाय आठच्या खोलीत माणसाला रागवायलाही जागा पुरत नाही.

"आपल्या रक्ताची असून हिची वकिली करतेस?" सहदेवकाका सोमीकडे बोट दाखवत म्हणाले. "हिचं काय बुडालंय गं? एक गुंठा तरी होता का हिच्या बापाचा?"

सोमी ठाकूरवाडीची, आदिवासी ठाकूर. बारा वर्षांपूर्वी आमच्या गावाशेजारी धरण झालं, त्यात आमची भातशेती गेली. तिची वाडी वरच्या अंगाला, ती वाचली. आता शनिवार-रविवार धरणावर गाड्यांची रांग लागते, म्हणून सरकारनं 'धरणकाठ रोजगार योजना' काढली. धरणामुळे ज्यांची उपजीविका गेली, त्यांना सोळा पक्के गाळे. पण अट क्रमांक चार अशी, की अर्जदाराच्या कुटुंबाच्या नावे बुडीत जमिनीचा सातबारा हवा. वाडीतल्या सगळ्यांचे अर्ज त्या एका अटीवर परत आले. सोमी काठावर कापडाचं पाल ठोकून करवंदं नि भाकरी विकायची, तेही गाळ्यांसाठी पात्र ठरलेल्या गाववाल्यांनी उपटून पाण्यात फेकलं. त्या गाळेवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणजे सहदेवकाका.

मी तिच्यातर्फे मुंबईला उच्च न्यायालयात रिट याचिका टाकली.

काका पाय आपटत गेल्यावर सोमीनं विचारलं, "वकीलबाय, आमी हरलो तर?"

"पाल नाही नि गाळाही नाही."

"आन जिकलो, तर योजनाच बंद करतील असं गावात म्हनतात. मंग आमाला जाळतील."

भीती खोटी नव्हती. म्हणून मी योजना रद्द करा असं मागितलंच नव्हतं, फक्त अट चार काढा म्हटलं होतं. मी तिला समजावलं, "सरकारला लोकांचे गट पाडता येतात. कोर्ट दोन गोष्टी बघतं. एक, गट पाडणारी रेघ स्पष्ट आहे का? दोन, ज्या कामासाठी योजना काढली त्याच्याशी त्या रेघेचा संबंध आहे का?"

"रेघ तर सपष्टच हाय. त्यांच्याकडं सातबारा, आमच्याकडं नाय."

"म्हणून सगळी मदार दुसऱ्या प्रश्नावर."

आणि दुसऱ्यासाठी माझ्याकडे पुरावा नव्हता. नदीकाठी जगलेल्या माणसांची नोंद कुठल्या दप्तरात असते? मला रात्री झोप लागेना.

गाळेवालेही याचिकेत प्रतिवादी होते; त्यांच्या वतीनं काकांचं प्रतिज्ञापत्र आलं, मूळ मराठीत, सोबत इंग्रजी भाषांतर. ठाकूर नि आम्ही वेगळे, हे सिद्ध केलं की झालं, असं त्यांना वाटलेलं. परिच्छेद अकरा मी उभ्यानं वाचला आणि मोठ्यानं हसले. मला लाजही वाटली, कारण तो तुच्छतेचा स्वर मी लहानपणापासून ओळखत होते.

सुनावणीला सरकारी वकील म्हणाले, सातबारा ही ठोस कसोटी आहे, वाद उरत नाहीत.

"रेघ ठोस आहे, मान्य," न्यायमूर्ती म्हणाले. "पण जमिनीचा मोबदला तेव्हाच दिलाय ना? ही योजना उपजीविकेसाठी आहे, असं तुमचाच शासन निर्णय म्हणतो. बिनजमिनीच्यांची उपजीविका नसते का?"

"त्यांची तिथे उपजीविका होती याला पुरावा नाही."

मी उठले. "आहे. प्रतिवादी सहदेव यांनीच शपथेवर दिलाय." आणि परिच्छेद अकरा वाचला. मागच्या बाकावर काका ताठ झाले.

अट चार घटनेच्या चौदाव्या, म्हणजे समानतेच्या अनुच्छेदाविरुद्ध ठरून रद्द झाली. बाकी योजना कायम. बुडीत क्षेत्रावर कोण जगत होतं याची चौकशी करून सगळे अर्ज आठ आठवड्यांत पुन्हा तपासा, असा आदेश झाला.

बाहेर काका माझ्या अंगावर आले. "माझाच कागद माझ्यावर फिरवलास?"

"काका, तुम्ही साफ खोटं लिहिलं असतं तर कदाचित जिंकला असतात. तिला हिणवायच्या नादात खरं लिहून गेलात."

त्यांनी माझं नाव टाकलं. चुलत बहिणीच्या लग्नाची पत्रिका आमच्या घरी आली नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

चौकशीत वाडीतली अकरा कुटुंबं पात्र ठरली. मग सगळ्या पात्र अर्जदारांची सोडत निघाली, त्यात सोमीला सात नंबरचा गाळा लागला, काकांच्या गाळ्याला लागून. काकांनी मधे पत्रा ठोकला.

उद्घाटनाला गेले तर सोमीनं त्याच पत्र्यावर एक कागद लॅमिनेट करून टांगला होता. तिनं मागितलेली परिच्छेद अकराची प्रत, खाली काकांची सही.

"ह्या लोकांची तिथे जमीन कधीच नव्हती. ते पिढ्यान्‌पिढ्या नदीतले मासे, खेकडे नि काठावरचे कंद, करवंदं खाऊन-विकून जगत."

"काढ गं ते," मी म्हटलं. "कशाला डिवचतेस त्यांना?"

"डिवचत नाय, वकीलबाय." सोमीनं पदरानं त्यावरची धूळ पुसली. "आमी हितं होतो असं लिवलेला आमच्याकडं ह्यो एकच कागद हाय."