वरच्या दोन ओळी

मोहाडीच्या बाजारगल्लीत माहा पानठेला, अन् समोर लक्ष्मणरावचं कोशाच्या रेशमी कपड्याचं दुकान. पाटीवर नाव 'ज्योत्सना कोसा भांडार'. ज्योत्सनाबाई म्हणजे त्याची बायको. गेल्या साली वारली. तवापासून लक्ष्मणराव गादीवर बसून रस्ता पायते, मी इकून पायतो. नजर मधात भेटली का दोघंबी तिसरीकडं पायतो.

गिऱ्हाईक आलंच त त्याची रीत ठरलेली. आधी बसवते, पाणी देते. कोन्या गावचे, कोनाचे, धान कसं हाय यंदा. एवढं झाल्यावर कपड्याचं थान उलगडते. पण आता बसवाले येते कोन?

सेवकराम विणकर तेवढा उरला होता, काठावर करवतीच्या दातासारखी नक्षी विणणारा. तोबी सांगून गेला, "दिवाळीवरी काम द्या, नाई त माग मोडून नागपूरले वॉचमनकी करतो." माग मोडला का दुकानात विकाले काय राहते?

मंग लक्ष्मणरावची पोरगी रेणू बसली फोन घेऊन. पुण्याच्या चार कपडेवाल्यायले ईमेल करून राहिली होती. चारी जणायले तोच मजकूर. कोनाले वाचून नाई दाखवला, लाजली. पाठवून दिला अन् वाट पायत बसली. आठ दिवस झाले, एकाचंबी उत्तर नाई.

एक दिवस ठेल्यावर आली. "काका, तुम्हालेबी एक पाठवला होता मी. बराबर पोचते का पायाले. आला का?"

"मले? नाई बाप्पा."

तिनं माहा फोन घेतला अन् खाली सरकवत गेली. सापडला. तवा मले आठवलं. "हे होय का. हे त आलं होतं. नाव इंग्रजीत होतं, ते मले येत नाई. खाली लिवलं होतं, 'सप्रेम नमस्कार. आपण सर्व कुशल असाल. माझी आई ज्योत्सना हिचं गेल्या वर्षी…' पुढं टिंबं. मले वाटलं, कोनी चंदा मागून राहिलं."

"मंग उघडला काहून नाई?"

"गिऱ्हाईक होतं पोरी. पान लावत होतो."

पोरगीनं तो ईमेल उघडला. बोटानं ओळी मोजल्या.

"काका, कपड्याचं त अकराव्या ओळीत हाय," मंग म्हणाली.

तिथंच ठेल्याच्या बाकड्यावर बसली. मजकुरातून आईच्या ओळी काढल्या. आजोबाचं दुकान, तेबी काढलं. 'आपला मौल्यवान वेळ घेते, क्षमस्व' काढलं. मी म्हणलं, "अवो, मानूस नमस्कार त करते."

"नमस्कार ठेवते. पण त्यायच्या फोनवर ईमेल उघडला नसतानी एवढंच दिसते काका, मथळा अन् वरच्या दोन ओळी. त्यायच्याबी दुकानात गिऱ्हाईक असन ना."

मंग एकेका दुकानाचं इंटरनेटवरचं पान उघडून पायलं, काय ठेवते, काय नाई. मालकाचं नाव शोधलं. मथळ्यात लिवलं, 'मोहाडीचा करवतकाठी कोसा, नमुना पाठवू का?' खाली: 'नमस्कार अनघाताई, तुमच्याकडे कोशाचे दुपट्टे पाहिले, करवतकाठी नाही दिसली. आम्ही ती मोहाडीत हातमागावर विणून घेतो. दोन तुकडे कुरिअरनं पाठवू का?' एक फोटो, काठाचा, जवळून. शेवटी फोन नंबर. बस. चारी जणायले वेगवेगळा.

पाठवायच्या आधी थांबली. "आई कुठीच नाई राहिली काका याच्यात."

मी चुना लावत राहिलो. मंग तिनंच सगळ्यात खाली, आपल्या नावाखाली, दुकानाचं नाव टाकलं. ज्योत्सना कोसा भांडार.

तीन जणायनी काई कळवलं नाई. अनघाताईचं आलं. रेणूनं बापाले वाचून दाखवलं, "नमुने पाठवा. भाव आणि महिन्याला किती निघतील ते कळवा."

लक्ष्मणराव म्हणाला, "नमस्कार नाई? कोनाची कोन, काईच नाई इचारलं?"

"नाई बाबा."

तो उठला अन् थानाचे दोन तुकडे कापले, हळूच, जसं कोनी समोर बसलं हाय. दिवाळीच्या आधी बारा लुगड्याचं काम आलं. सेवकरामनं माग नाई मोडला. पार्सल जाते, पैसे फोनवर येते. गादीवर मात्र कोनी येऊन बसत नाई. लक्ष्मणराव रस्ता पायते, मी इकून.

रेणूले म्हणलं, "तो पयला लांबडा ईमेल अजून माह्या फोनात हाय का?"

"हाय. काहून?"

"उघडून दे."

तिनं दिला. मी सारा वाचला. ज्योत्सनाबाई लग्न होऊन आली तवापासूनचं होतं त्याच्यात. लय वेळ लागला. लागू दे. ठेल्यावर गिऱ्हाईक नव्हतं.